अंतर-काल आलेख सारखा चुकतोय? रेषेचा चढ वाचताना कुठे घसरतं ते तपासा

नववीच्या विज्ञानात गतीचा धडा सुरू झाला की अंतर-काल आलेखाचे प्रश्न येतात आणि त्याच त्या चुकाही येतात. गंमत अशी, की आकडेमोड सहसा बरोबर असते. भागाकार नीट केलेला असतो, एकक लिहिलेलं असतं. पण भागाकारासाठी ज्या दोन संख्या उचलल्या त्याच चुकीच्या असतात, किंवा रेष बघून मनात जे चित्र तयार झालं तेच चुकीचं असतं. त्यामुळे 'पुन्हा एकदा सोडव' म्हणून काही होत नाही. दुसऱ्यांदाही तेच उत्तर येतं. चूक कुठल्या पायरीला झाली ते शोधावं लागतं.

लक्षणे

खालीलपैकी एक जरी वहीत दिसलं तरी पुढच्या तपासण्या कराव्यात.

- सरळ, तिरकी, वर जाणारी रेष आहे आणि उत्तरात 'वेग वाढत आहे' असं लिहिलंय. ही चूक सगळ्यांत जास्त दिसते.
- आडवी रेष आहे आणि उत्तर 'एकसमान चाल' आहे.
- वाहन उभं असलेल्या भागातही चाल शून्य येत नाही, काहीतरी आकडा येतो.
- ब्रेक लागलेला भाग ओळखताच येत नाही, कारण 'रेष तर वरच चाललीय की'.
- कोल्हापूर ते पन्हाळा प्रवासाचा आलेख दिला तर रेषेचा वर जाणारा भाग म्हणजे घाट, असं गृहीत धरलंय.
- एकाच आलेखावर वर्गातल्या दोघांचं त्वरण वेगवेगळं येतं आणि दोघांचीही रीत बरोबर दिसते.

तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे लावल्या आहेत. पहिल्या तीनमध्येच बहुतेक प्रकरणं मिटतात. त्यांना पेन्सिलीशिवाय काही लागत नाही.

हाताशी ठेवायचं उदाहरण

केएमटीची एक बस मध्यवर्ती बस स्थानकाजवळच्या थांब्यावरून सुटते, वेग घेते, थोडा वेळ एका चालीने जाते आणि २०० मीटरवरच्या सिग्नलला ब्रेक मारून उभी राहते. आकडे सरावासाठी बेतलेले आहेत, पण शहरातल्या बसला शोभतील असेच आहेत. दर दोन सेकंदांनी थांब्यापासूनचं अंतर असं आहे:

| वेळ (सेकंद) | अंतर (मीटर) | मागच्या २ सेकंदांत कापलेलं अंतर (मीटर) |
|---|---|---|
| ० | ० | – |
| २ | २ | २ |
| ४ | ८ | ६ |
| ६ | १८ | १० |
| ८ | ३२ | १४ |
| १० | ५० | १८ |
| १२ | ७० | २० |
| १४ | ९० | २० |
| १६ | ११० | २० |
| १८ | १३० | २० |
| २० | १५० | २० |
| २२ | १६८ | १८ |
| २४ | १८२ | १४ |
| २६ | १९२ | १० |
| २८ | १९८ | ६ |
| ३० | २०० | २ |
| ४० पर्यंत | २०० | ० |

आलेख कागदावर आडव्या अक्षावर १ सेंटीमीटरला ४ सेकंद आणि उभ्या अक्षावर १ सेंटीमीटरला २० मीटर घेतले की आलेख बरोबर १० गुणिले १० सेंटीमीटरच्या चौकटीत बसतो. एकदा हा आलेख स्वतःच्या हाताने काढून ठेवा. खालची प्रत्येक तपासणी त्यावरच करायची आहे.

तपासणी १: उभ्या अक्षावर काय लिहिलंय?

हिला दहा सेकंद लागतात, म्हणून पहिली. उभ्या अक्षावर 'मीटर' असेल तर तो अंतर-काल आलेख, 'मीटर प्रति सेकंद' असेल तर वेग-काल आलेख. एकाच धड्यात दोन्ही आलेख पाठोपाठ येतात आणि दिसायला सारखेच असतात, अर्थ मात्र बदलतो. वेग-काल आलेखातली आडवी रेष म्हणजे एकसमान वेग आणि तिरकी सरळ रेष म्हणजे एकसमान त्वरण. अंतर-काल आलेखात तीच आडवी रेष म्हणजे वाहन उभं, आणि तीच तिरकी रेष म्हणजे एकसमान चाल. दुसऱ्या आणि पहिल्या लक्षणाचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं: एका आलेखाचं पाठ केलेलं उत्तर दुसऱ्याला चिकटवलेलं असतं.

पन्हाळ्याचंही इथेच मिटतं. कोल्हापूरहून पन्हाळा साधारण २० किलोमीटर आहे आणि शेवटी चढण आहे हे खरं, पण आलेखाच्या दोन्ही अक्षांपैकी एकावरही उंची लिहिलेली नाही. परतीच्या वाटेवर गाडी घाट उतरत असताना 'कापलेलं एकूण अंतर' मांडलं तरी रेष वरच जाणार, कारण अंतर वाढतच असतं. आलेखाचा चढ रस्त्याच्या चढणीबद्दल काहीच सांगत नाही.

तपासणी २: समान वेळेचे पट्टे पाडा

सगळ्यांत उपयोगी तपासणी हीच. हिच्यावर वेळ घालवा.

आडव्या अक्षावर दर दोन सेकंदांनी म्हणजे दर अर्ध्या सेंटीमीटरला पेन्सिलीने फिकट उभ्या रेघा ओढा. आता प्रत्येक पट्ट्यात आलेखाची रेष किती वर चढली ते मोजा. ती रेष कागदावर किती उंचावर आहे ते मोजायचं नाही, त्या एका पट्ट्यात ती किती चढली तेवढंच मोजायचं. कोष्टकातला तिसरा स्तंभ म्हणजे हीच मोजणी.

सुरुवातीच्या पट्ट्यांत ती येते २, ६, १०, १४, १८ मीटर. प्रत्येक पट्ट्यात आधीपेक्षा जास्त चढ, म्हणजे तेवढ्याच वेळात बस जास्त अंतर कापतेय. इथे चाल वाढतेय, इथे त्वरण आहे. कागदावर हा भाग वर वळत जाणारा वक्र दिसतो.

१० ते २० सेकंदांत मोजणी येते २०, २०, २०, २०, २०. पट्ट्यामागे चढ सारखाच. बस पुढे जातेय, अंतर ५० वरून १५० मीटर झालं, पण दर दोन सेकंदांना २० मीटर यात काही बदल नाही. म्हणजे चाल १० मीटर प्रति सेकंद, ताशी ३६ किलोमीटर, आणि त्वरण शून्य. वाढतंय ते अंतर, चाल नाही. 'रेष वर जातेय म्हणजे वेग वाढतोय' म्हणणाऱ्याला हे पाच आकडे मोठ्याने वाचायला लावा. वीस, वीस, वीस म्हणताना तो स्वतःच थांबतो.

२० सेकंदांनंतर मोजणी १८, १४, १०, ६, २ अशी उतरते. हा भाग मुद्दाम नीट बघावा, कारण नुसत्या डोळ्यांना इथेच फसायला होतं. रेष अजूनही वरच जातेय, आलेखातल्या सर्वांत उंच भागाकडे चाललीय आणि नेमक्या याच वेळी बसला ब्रेक लागलेला आहे. रेष किती उंचावर आहे याचा आणि चालीचा संबंध नाही. २६ व्या सेकंदाला बस १९२ मीटरवर आहे, १६ व्या सेकंदाला ११० मीटरवर होती, तरी १६ व्या सेकंदाला ती जास्त जोरात होती. ब्रेकचा भाग ओळखायची खूण म्हणजे वर जाता जाता आडवा पडत जाणारा वक्र. पाठ्यपुस्तक याला ऋण त्वरण म्हणतं.

३० सेकंदांनंतर चढ शून्य. वेळ जातेय, अंतर वाढत नाही. बस उभी.

एक बारीक गोष्ट हुशार मुलं विचारतात. त्वरणाच्या भागात फरक दर वेळी ४ ने वाढतो, मग १८ नंतर एकदम २० कसा, २२ का नाही? कारण १० व्या सेकंदालाच वेग घेणं संपलं. ८ ते १० या पट्ट्यात बसची चाल ८ पासून १० मीटर प्रति सेकंदापर्यंत गेली, सरासरी ९, म्हणून १८ मीटर. पुढच्या पट्ट्यात ती पूर्ण वेळ १० ने गेली, म्हणून २०. फरकातली वाढ अचानक निम्मी झाली की समजावं, त्या दोन पट्ट्यांच्या सीमेवर गतीचा प्रकार बदललाय. आकडे चुकलेले नाहीत.

तपासणी ३: भागाकार आरंभबिंदूपासून तर केला नाही?

उभ्या बसला चाल कशी येते, त्याचं उत्तर इथे आहे. ४० व्या सेकंदाला चाल विचारली, आलेखावर अंतर २०० दिसलं, २०० भागिले ४० म्हणजे ५ मीटर प्रति सेकंद. भागाकार बरोबर आहे, पण बस गेले १० सेकंद सिग्नलला उभी आहे.

२०० भागिले ४० ही सुरुवातीपासूनची सरासरी चाल झाली. त्या क्षणाची चाल हवी असेल तर त्या क्षणाच्या आजूबाजूचे, त्याच टप्प्यातले दोन बिंदू घ्यावे लागतात आणि दोन वजाबाक्या कराव्या लागतात: अंतरांतला फरक भागिले वेळांतला फरक. ३२ आणि ४० सेकंदांचे बिंदू घेतले तर शून्य भागिले ८, म्हणजे शून्य. मधल्या टप्प्यात १२ आणि २० सेकंद घेतले तर १५० वजा ७० म्हणजे ८०, भागिले ८, म्हणजे १०. आरंभबिंदूपासून भागाकार करणाऱ्याला २० व्या सेकंदाला ७.५ मिळतं, आणि ते उत्तर १० च्या इतकं जवळ असतं की पेपर तपासणाऱ्याखेरीज कोणाला शंका येत नाही.

आरंभबिंदूपासूनचा भागाकार त्या क्षणाची चाल बरोबर देतो तो फक्त रेष शून्यापासून सुरू होऊन तिथपर्यंत सरळच असेल तेव्हा. धड्यातलं पहिलं उदाहरण नेमकं तसंच असतं, म्हणून ही सवय लागते.

दोन बिंदू निवडताना ते लांबचे घ्या, पण टप्पा ओलांडू नका. फार जवळचे घेतले तर कागदावर अर्धा मिलिमीटर चुकलं तरी उत्तर बरंच हलतं.

तपासणी ४: कोनमापक वापरलाय का?

दहावीत रेषेचा चढ शिकलेली मुलं कधी कधी रेषेचा कोन मोजून त्याचा टॅन्जंट काढतात. भूमितीत दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं असतं, म्हणून तिथे हे चालतं. इथे एका अक्षावर मीटर, दुसऱ्यावर सेकंद. आपल्या आलेखातला मधला टप्पा कागदावर १ सेंटीमीटर आडवा जाताना २ सेंटीमीटर चढतो, म्हणजे टॅन्जंट २, पण चाल आहे १०. उभ्या अक्षाचं प्रमाण १ सेंटीमीटरला ४० मीटर केलं तर तीच रेष ४५ अंशांवर येते, टॅन्जंट १ होतो. बस मात्र पूर्वीसारखीच ताशी ३६ ने जातेय.

म्हणून चढ काढताना सेंटीमीटर किंवा चौकोन मोजू नयेत, अक्षांवर लिहिलेले आकडे वाचावेत. दोन वेगवेगळ्या कागदांवरच्या आलेखांत 'कोणाची रेष जास्त उभी' अशी तुलनाही करू नये. एकाच कागदावर, एकाच अक्षांवर दोन रेषा असतील तरच ती चालते.

तपासणी ५: बिंदू फुटपट्टीने जोडलेत का?

बसचे आकडे दर दोन सेकंदांऐवजी दर दहा सेकंदांनीच घेतले असते तर हाती आले असते ०, ५०, १५०, २००, २००. हे पाच बिंदू फुटपट्टीने जोडले की चार सरळ तुकडे मिळतात आणि त्यांच्या चालीही काढता येतात: ५, १०, ५ आणि ०. सगळं व्यवस्थित दिसतं. पण त्या आलेखात त्वरण कुठेच नाही. तो सांगतो की बस पहिले १० सेकंद एकाच चालीने गेली आणि मग एका क्षणात दुप्पट वेगाने पळायला लागली.

हे ओळखायची खूण म्हणजे टोकदार कोपरा. खरी बस चाल अशी झटक्यात बदलू शकत नाही, तिला थोडा तरी वेळ लागतोच. त्यामुळे मोजलेल्या आकड्यांच्या आलेखात टोकदार कोपरा दिसला तर तिथे वळण असणार आणि मोजणी विरळ होती असं धरावं. गणितात छापून दिलेला आलेख मुळातच सरळ तुकड्यांचा असेल तर तो भाग सोपा करून दिलेला असतो, तिथे कोपऱ्यावर वाद घालू नये.

उपाय दोन. आकडे जास्त असतील तर बिंदू फुटपट्टीने न जोडता हलक्या हाताने सलग वक्र काढा. आकडेच पाच असतील तर वक्र मनाने काढू नका, 'या टप्प्यातली सरासरी चाल' असं लिहा आणि त्वरणाबद्दल गप्प राहा.

तपासणी ६: वक्रावरची चाल आणि त्वरण

ही शेवटची, कारण हिला हात स्थिर लागतो आणि चुकायला जागा भरपूर आहे.

वक्राचा चढ जागोजागी वेगळा असतो. ६ व्या सेकंदाची चाल हवी असेल तर त्या बिंदूपाशी वक्राला स्पर्शिका काढून तिचा चढ काढायचा. आपल्या बसच्या बाबतीत तो ६ मीटर प्रति सेकंद यायला हवा. स्पर्शिका नीट पडली का, हे बघायला एक सोय आहे: वाहन उभ्या स्थितीतून एकसमान त्वरणाने निघालं असेल तर स्पर्शिका वेळेच्या अक्षाला निम्म्या वेळेवर छेदते. म्हणजे ६ व्या सेकंदाची स्पर्शिका ३ सेकंदांवर खाली टेकली पाहिजे. ४ वर टेकत असेल तर फुटपट्टी जास्त उभी धरलीय.

स्पर्शिका जमत नसेल तर दोन्ही बाजूंचे बिंदू घ्या. ४ आणि ८ सेकंदांना अंतर ८ आणि ३२ मीटर. फरक २४, भागिले ४, म्हणजे ६. त्वरण एकसमान असेल तर हे उत्तर मधल्या क्षणासाठी तंतोतंत बरोबर असतं. याच रीतीने ६ आणि १० सेकंदांवरून ८ व्या सेकंदाची चाल येते: ३२ भागिले ४, म्हणजे ८. दोन सेकंदांत चाल ६ वरून ८ झाली, म्हणून त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता शेवटचं लक्षण, दोघांचं त्वरण वेगळं येण्याचं. आपल्या प्रमाणात कागदावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे १ मीटर. एवढी चूक डोळ्यांनी वाचताना सहज होते. त्वरणासाठी फरकाचाही फरक घ्यावा लागतो, त्यात तीन बिंदू येतात आणि मधला बिंदू दोनदा येतो. तिन्ही वाचनं वाईट बाजूला चुकली तर चूक ४ मीटरपर्यंत जाते. दोन सेकंदांच्या पट्ट्यात ती दोनच्या वर्गाने, म्हणजे ४ ने भागली जाते, आणि त्वरणात १ मीटर प्रति सेकंद वर्गाची चूक उरते. म्हणजे उत्तराएवढीच! चार सेकंदांचे पट्टे घेतले की तीच चूक १६ ने भागली जाते आणि ०.२५ वर येते. म्हणून चाल वाचायला छोटे पट्टे चालतात, त्वरणाला मोठे घ्यावेत, फक्त त्याच टप्प्यात राहून.

इथे थांबा आणि विज्ञानाच्या शिक्षकांकडे जा

आलेखाची रेष कुठेतरी खाली उतरत असेल तर आधी उभ्या अक्षावरचा मजकूर बघा. 'थांब्यापासूनचं अंतर' असेल तर वाहन परत फिरलंय, आणि चढ ऋण आहे. पण 'कापलेलं एकूण अंतर' लिहिलं असेल तर रेष उतरूच शकत नाही, ते कधी कमी होत नाही. तसंच कुठे सरळ उभी रेष असेल तर त्याचा अर्थ वेळ न जाता बस पुढे गेली, तेही अशक्य. अशा आलेखाची आकृतीच चुकलेली असते. उत्तर जुळवत बसू नका, आकृती दाखवा.

चार सेकंदांचे पट्टे घेऊनही लागोपाठची त्वरणं एकमेकांशी जुळत नसतील, तर दोन शक्यता आहेत: वाचनातली चूक किंवा त्वरण खरंच बदलतंय. यातलं कुठलं ते नववी-दहावीच्या साधनांनी कागदावरून ठरवता येत नाही. मोबाइलच्या जीपीएसवरून घेतलेल्या आकड्यांचं तर हमखास असं होतं. मोकळ्या आकाशाखालीही त्याच्या जागेत काही मीटरची चूक असते आणि महाद्वार रोडसारख्या दाटीच्या रस्त्यावर ती आणखी वाढते. अशा आकड्यांवरून बस उभी की चालू आणि साधारण किती चालीने, एवढं सांगता येतं. त्वरण काढायचंच असेल तर प्रयोगशाळेत, उतरत्या फळीवर गाडी सोडून, ठरावीक वेळेच्या खुणा घेऊन काढावं लागेल.

जाताना आलेखाचा मूळ कागद, आकड्यांचं कोष्टक आणि पट्टे पाडून केलेली मोजणी, तिन्ही सोबत न्या. नुसतं उत्तर दाखवलं तर शिक्षकांनाही चूक कोणत्या पायरीला आहे ते कळायला तेवढाच वेळ लागतो.